देवस्थान समितीकडे पेटी-तबला मागताय? पत्र कसं लिहायचं, कधी द्यायचं आणि वाद्यं कशी ताब्यात घ्यायची

आमच्या आळीतल्या भजनी मंडळाने देवळाच्या समितीला एकाच कामासाठी तीन पत्रं दिली. पहिल्या पत्रात दीड पान भजनाचं माहात्म्य होतं आणि शेवटी एक ओळ होती, 'तरी हार्मोनियम व तबला मिळावा ही नम्र विनंती.' सभेत ते वाचलं गेलं, कुणी नाही म्हणालं नाही, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. दुसरं पत्र मंजूर झालं, पण आलेला तबला आमच्या पट्टीला लागेना. तिसरं पत्र तो बदलून मागण्यासाठी द्यावं लागलं, आणि ते देताना मान खाली होती, कारण पट्टी कळवायची राहिली होती ती आमच्याकडूनच.

त्यानंतर ओळखीच्या चार-पाच मंडळांना पत्राचा मसुदा करून दिला. चुका सगळीकडे त्याच दिसल्या. म्हणून हा क्रम सविस्तर लिहीत आहे. मसुदा सहाव्या टप्प्यात आहे, पण थेट तिथे उडी मारू नका. पत्र बिघडतं ते आधीच्या पाच टप्प्यांत.

## १. नेमकं काय मागायचं ते एका वाक्यात ठरवा

'वाद्यं मिळावीत' याचे तीन वेगळे अर्थ होतात. देवळाकडे असलेली वाद्यं आठवड्यातून एकदा वापरायला हवीत, हा पहिला. देवळाने नवी वाद्यं विकत घ्यावीत, ती देवळाच्या मालकीची राहावीत आणि मंडळाने वापरावीत, हा दुसरा. मंडळ किंवा एखादा भाविक वाद्यं देणार आहे, देवळाने ती स्वीकारावीत आणि ठेवायला जागा द्यावी, हा तिसरा.

तिन्हींवर समितीला वेगवेगळा निर्णय घ्यावा लागतो. पहिल्यात फक्त परवानगी लागते. दुसऱ्यात खर्चाचा ठराव, दरपत्रकं, देवस्थानाच्या नावाचं बिल आणि वस्तूंच्या नोंदवहीत नोंद लागते. तिसऱ्यात दान स्वीकारल्याची पावती आणि नोंद लागते. पत्रात हे स्पष्ट नसेल तर सभेत दहा मिनिटं 'म्हणजे त्यांना नेमकं काय हवंय?' यावर जातात, आणि त्याचं उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसता.

मंडळाला रोख रक्कम द्या, आम्ही वाद्यं आणतो, असं मात्र मागू नका. बहुतेक आळीतली मंडळं नोंदणीकृत नसतात. त्यांच्या हाती पैसे देऊन तो खर्च हिशेबात दाखवणं खजिनदाराला अवघड जातं. खरेदी देवस्थानानेच करावी आणि निवडीला मंडळातला जाणकार सोबत यावा, ही मांडणी सोपी पडते.

तपासा : देवळाच्या कोठीत जुनी पेटी पडून आहे का, ते आधी विचारा. पुष्कळदा असते. भाता फाटलेला असतो किंवा दोन-तीन सूर बंद असतात, बाकी पेटी धड असते. अशा वेळी नवी पेटी मागण्याऐवजी दुरुस्ती मागितली तर पत्र एका सभेत निघतं.

## २. पट्टी काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. आमची चूक इथलीच, म्हणून इथे जरा थांबतो.

पेटीवर कोणत्याही पट्टीतून वाजवता येतं. तबल्याचं तसं नाही. त्याचं तोंड जेवढं मोठं तेवढा तो खाली बोलतो, लहान असेल तर वर. गठ्ठे ठोकून साधारण अर्धा, फार तर एक सूर वर-खाली करता येतो. त्यापुढे ओढलं तर पुडीवर आणि वादीवर ताण येतो आणि आवाजही कोता होतो. म्हणून 'एक तबला' असं लिहिणं म्हणजे माप न सांगता चप्पल मागवणं.

पट्टी काढायला एक बैठक पुरते. कुणाची तरी पेटी आणा आणि नेहमीची तीन भजनं घ्या. त्यांत एक असं हवं की ज्याचा अंतरा बराच वर जातो. आघाडीला गाणाऱ्या काकूंचा गळा प्रमाण धरू नका. मागे साथ करणाऱ्यांपैकी बहुतेकांना अंतऱ्यातला वरचा सूर ओरडल्याशिवाय लागतोय का, ते बघा. लागत नसेल तर एक पट्टी खाली या. बायकांच्या मंडळात हे बहुधा काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास येतं, पुरुषांच्या मंडळात पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान. पण हा अंदाज झाला. तुमच्या बैठकीत निघेल ती पट्टी खरी.

आता तबला कोणत्या सुराचा मागायचा? तबला षड्जातच लावला पाहिजे असं नाही. तो पंचमात किंवा मध्यमातही लावतात. आमच्या मंडळाचं उदाहरण घ्या. गाणं काळी चारमध्ये. दुकानदाराने काळी एकचा तबला दिला, कारण पट्टी कळवली नाही की बहुधा तोच मिळतो. काळी चार षड्ज धरला तर काळी एक हा मध्यम होतो, म्हणजे कागदावर जमतं. पण आमची निम्मी भजनं भूपाच्या अंगाची, आणि भूपात मध्यम नसतो. तबल्याच्या प्रत्येक थापेबरोबर जो सूर रागात नाही तोच घुमायचा. मग आमचा तबलजी तो ठोकून ठोकून काळी दोनपर्यंत चढवायचा, कारण काळी चारचा पंचम काळी दोन. तिसऱ्या आठवड्यात वादी तुटली.

काळी दोनचाच तबला मागितला असता तर हे घडलं नसतं. काळी चारला तो पंचमात चालतो. एखाद्या दिवशी काळी पाचमधून गायलं तर त्याच तबल्याचा सूर मध्यम होतो. मालकंसासारखा पंचम नसलेला राग आला तर काळी चारसाठी तो एक सूर उतरवून मध्यमात लावायचा, आणि उतरवणं चढवण्याइतकं जिवावर येत नाही. हा हिशोब तुमच्या तबलजीबरोबर बसून करा. तबलजी अजून ठरला नसेल तर आधी तो ठरवा, पत्र नंतर.

स्त्री-पुरुष एकत्र गात असतील तर एकाच पट्टीत सगळ्यांना कोंबू नका. बहुतेक भजनं बायका उचलतात की पुरुष, ते बघा आणि त्यांच्या पट्टीला जुळणारा तबला मागा.

सावध : पट्टी मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी ताडून कळवू नका. जुन्या पेट्या कधीकधी त्याच्या थोड्या वर किंवा खाली लागलेल्या असतात. देवळातली जुनी पेटीच वापरायची असेल तर तबला तिच्याशी जुळवूनच निवडायचा.

## ३. वाद्यांचं वर्णन चार ओळींत उतरवा

समितीतल्या सगळ्यांना वाद्यांची माहिती असेल असं नाही. दरपत्रक मागवणाऱ्याने दुकानात कागद दाखवला की काम व्हावं, इतकंच वर्णन लिहा.

पेटीसाठी मी असं लिहितो : हाताच्या भात्याची, साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची म्हणजे खर्ज आणि नर, साध्या पट्टीची, खोक्यासह. साडेतीन सप्तकांना ४२ पट्ट्या येतात. तीन सप्तकांची ३७ पट्ट्यांची पेटी भजनाला चालते, पण काळी चारवरून वाजवताना वरच्या अंगाला जागा अपुरी पडू शकते.

स्केल चेंजर मागावी का, हा वाद प्रत्येक मंडळात होतो. माझं मत : नको. ती जड असते, महाग असते, आत सरकणारे भाग जास्त, आणि देवळात पेटीला चार हात लागतात. अपवाद एकच. पेटी वाजवणाऱ्याला एकाच पट्टीची बोटं येत असतील आणि गाणारे दर आठवड्याला बदलत असतील, तर ती मागा. आणि का मागतोय ते एका वाक्यात लिहा, नाहीतर ती चैन वाटते.

तबल्यासाठी : काळी दोनचा तबला (तुमच्या हिशोबात जो सूर निघेल तो), शिसवी खोड, तांब्याचा किंवा पितळेचा डग्गा, दोन चुंबळी, हातोडी, गवसणी. हातोडी आणि चुंबळी लिहायच्या राहतात. मग पहिल्या भजनाला डग्गा मांडीला टेकवून वाजवायची पाळी येते.

## ४. किल्ली कुणाकडे?

आमच्या पहिल्या पत्रानंतर सचिवकाका देवळाच्या पायरीवर भेटले. म्हणाले, "देऊ हो पेटी, त्यात काय. पण किल्ली कुणाकडे? आणि उंदरांनी भाता कुरतडला तर मला सांगायला येणार कोण?"

समितीची अडचण बहुधा हीच असते. पैसे दुय्यम. म्हणून पत्राआधी मंडळात बसून पुढच्या गोष्टी ठरवा आणि कोण करणार त्याचं नावही ठरवा. 'मंडळ बघेल' म्हणजे कुणीच बघणार नाही.

वाद्यं कुठे राहतील : कुलूप लागेल असं कपाट, जमिनीपासून वर, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर. पावसाळ्यात पुडी ओल धरते आणि सैल बोलते, पेटीचे सूर दाबल्यावर चिकटतात. देवळातले उंदीर प्रसादाच्या वासाने येतात आणि कातड्याला तोंड लावतात, म्हणून प्रसादाचे डबे आणि वाद्यं एका कपाटात ठेवायची नाहीत. कपाट नसेल तर पत्रात तेही मागा. पेटी आल्यावर कपाट मागणं जास्त अवघड जातं.

किल्ली : एक देवळाकडे, एक मंडळातल्या एका व्यक्तीकडे. वापराची वही कपाटातच. तारीख, कोणी काढली, कोणी ठेवली, काही बिघाड. चार रकाने पुरेत.

दुरुस्ती : पुडी ही झिजणारी वस्तू आहे, शाई कधीतरी उडणारच. पेटीलाही अधूनमधून सूर मिळवून घ्यावे लागतात. हा खर्च कोण करणार ते आधीच सांगितलेलं बरं. आम्ही पुडी आणि सूर मिळवण्याचा खर्च मंडळाने उचलायचं ठरवलं आणि भाता किंवा खोडाची मोठी दुरुस्ती देवस्थानाकडे ठेवली. आमच्या मते दुसरं पत्र मंजूर झालं ते या ओळीमुळे.

बाकी कुणी वाद्यं वापरू शकेल का? देवळाच्या मालकीची वाद्यं फक्त तुमच्याच मंडळासाठी राखून ठेवा असं मागू नका. सप्ताहात, उत्सवात देवळाला ती लागणारच. तुमचा वार आणि वेळ तेवढी पक्की मागा.

## ५. पत्राआधी सचिवांना एकदा भेटा

मंजुरी मागायला जायचं नाही, माहिती घ्यायला जायचं. पुढची सभा कधी आहे, विषयपत्रिका कधी निघते, पत्र कुणाच्या नावे द्यायचं, एवढं विचारा. विषयपत्रिका निघाल्यावर आलेलं पत्र 'आयत्या वेळचे विषय' यात जातं, आणि तिथे खर्चाचे विषय सहसा घेत नाहीत.

सभामंडपात त्याच वारी दुसरं काही ठरलेलं आहे का, हेही तिथेच कळतं. एका मंडळाने गुरुवार मागितला आणि त्याच वेळेला तिथे आधीपासून पारायण चालत होतं. वाद्यांचा विषय बाजूला राहिला, वाराचाच वाद झाला.

## ६. आता पत्र

एक पान. विषयाच्या ओळीत वाद्यं आणि कारण दोन्ही यावीत. भजनाचं महत्त्व समितीला समजावू नका. ज्यांनी देऊळ चालवायला घेतलं आहे त्यांना ते माहीत आहे. मसुदा असा :

> दिनांक : ________
>
> प्रति,
> मा. अध्यक्ष व विश्वस्त मंडळ,
> ________ देवस्थान
>
> विषय : साप्ताहिक भजनासाठी देवस्थानाच्या मालकीची एक हार्मोनियम व एक तबलाजोडी खरेदी करून वापरास मिळण्याबाबत.
>
> महोदय,
> स. न. वि. वि.
>
> आमचे भजनी मंडळ गेल्या ____ महिन्यांपासून दर ____वारी सायंकाळी ____ ते ____ या वेळेत देवळाच्या सभामंडपात भजन करते. नियमित सदस्य ____ आहेत. पेटी व तबला वाजवणारे वादक मंडळात आहेत. सध्या वाद्ये दर वेळी घरून आणावी लागतात व वादक गावाला गेल्यास भजन केवळ टाळांवर होते.
>
> तरी देवस्थानाने पुढील वाद्ये देवस्थानाच्या नावे खरेदी करावीत, अशी विनंती आहे.
> १) हार्मोनियम : हाताच्या भात्याची, साडेतीन सप्तके, दुहेरी सूर, खोक्यासह.
> २) तबलाजोडी : काळी दोनचा तबला, शिसवी खोड, तांब्याचा डग्गा, दोन चुंबळी, हातोडी व गवसणीसह.
>
> वाद्ये देवस्थानाच्या मालकीची राहतील व उत्सवात देवस्थानास वापरता येतील. ती सभामंडपालगतच्या कपाटात कुलपात ठेवावीत व एक किल्ली मंडळाच्या प्रतिनिधीकडे असावी. वापराची नोंदवही मंडळ ठेवील. पुडी बदलणे व सूर मिळवणे यांचा खर्च मंडळ करील. मंडळाच्या वापरात हयगयीने नुकसान झाल्यास ते मंडळ भरून देईल.
>
> भजनात ध्वनिक्षेपक वापरला जात नाही. निवडीच्या वेळी मंडळातील वादक सोबत येतील.
>
> हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.
>
> आपले विनम्र,
> (सही, नाव, दूरध्वनी) प्रतिनिधी
> (सही, नाव, दूरध्वनी) किल्ली व नोंदवहीची जबाबदारी
>
> सोबत : १) सदस्यांची यादी व सह्या २) दोन दरपत्रके

काही जागा नीट बघा. 'गेल्या ____ महिन्यांपासून' इथे खरा आकडा लिहा. तीन महिने असतील तर तीन. समितीतलं कुणीतरी रोज देवळात येतं, त्याला माहीत असतं. मंडळ अजून सुरूच झालं नसेल तर आधी दोन महिने टाळ-चिपळ्यांवर बसा.

खर्चाचा आकडा पत्राच्या मजकुरात घालू नका, दरपत्रकातच राहू द्या. मजकुरात आकडा दिला आणि दुकानात भाव थोडा वेगळा निघाला की ठराव पुन्हा करावा लागतो. दोन्ही दरपत्रकं एकाच वर्णनाची असली पाहिजेत. एकात दुहेरी सूर आणि दुसऱ्यात एकेरी असेल तर सभेत स्वस्त तेच निवडलं जाईल, आणि तो दोष समितीचा नाही.

ध्वनिक्षेपक वापरत असाल तर ती ओळ काढा आणि भजन रात्री दहाच्या आत संपतं हे लिहा. खोटं लिहून पुढे शेजाऱ्यांची तक्रार आली तर वाद्यांसकट बैठकच बंद होते.

तपासा : मंडळाबाहेरच्या एका माणसाला पत्र वाचायला द्या आणि विचारा, 'वाद्यं कुणाची, ठेवायची कुठे, बिघडली तर कोण बघणार?' तिन्ही उत्तरं पत्रातूनच मिळाली तर पुढे जा.

## ७. पत्र देणं आणि मागोवा

दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर तारीख आणि सही घेऊन पोच म्हणून ठेवायची. देवस्थानात आवक-जावक नोंद असेल तर आवक क्रमांकही घाला. अध्यक्षांच्या घरी चहा पिताना दिलेलं पत्र बरेचदा त्यांच्या पुस्तकांच्या कपाटातच राहतं. मोबाइलवर फोटो पाठवला तरी कागद द्यायचाच.

सभेनंतर चार-पाच दिवसांनी एकाच माणसाने चौकशी करावी. पाच जणांनी पाच विश्वस्तांना फोन केले की मंडळात एकमत नाही असा समज होतो. मंजुरी तोंडी कळली तर नम्रपणे ठरावाची तारीख विचारून घ्या. समिती बदलली तर तीच कामाला येते.

अर्धीच मागणी मंजूर झाली, म्हणजे यंदा फक्त पेटी, तर ती घ्या. तबल्याचं पत्र पुढच्या आर्थिक वर्षात, एप्रिलनंतर, जुन्या पत्राचा संदर्भ देऊन द्या.

## ८. वाद्यं ताब्यात घेताना

शक्य असेल तर तपासणी दुकानातच करा, सही करण्याआधी.

पेटीचा भाता भरा, एकही पट्टी दाबू नका आणि ऐका. सूर आपोआप निघत असेल तर एखादी पट्टी नीट बसत नाही. आवाज नाही पण भाता भराभर रिकामा होतोय, तर हवा गळते आहे. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या, हळू दाबत जा. उशिरा उठणारा किंवा फरफरणारा सूर लगेच कळतो. शेवटी षड्ज-पंचम एकत्र धरून ठेवा. आवाजात भराभर लाट येत असेल तर सूर नीट मिळवलेले नाहीत.

तबला त्याच पेटीशी लावून बघा. पुडीच्या कडेने सोळाही घरांत हातोडीने सूर सारखा येतो का, ते बघा. दोन घरांत फरक राहत असेल आणि ठोकूनही जात नसेल तर ती पुडी घेऊ नका. गठ्ठे आधीच अगदी खाली बसलेले असतील तर पुढे चढवायला जागाच उरलेली नाही, मग सूर आज बरोबर असला तरी दुसरा तबला मागा. शाईवर भेगेची बारीक रेघ दिसते का, तेही उजेडात धरून बघा.

बिल देवस्थानाच्या नावे, आणि बिलावर तबल्याची पट्टी लिहून घ्या. देवळात आणल्यावर सचिवांसमोर वस्तू मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा : पेटी एक, खोकं एक, तबला एक, डग्गा एक, चुंबळी दोन, हातोडी एक, गवसणी, किल्ल्या दोन. खाली दोघांच्या सह्या. आमच्या वहीत त्या पानावर हातोडी लिहायची राहिली, आणि अजून दर महिन्याला कुणीतरी विचारतं की ती तबलजीची की देवळाची.